नाणे, पत्रिका आणि पी-मूल्य

शाळेच्या विज्ञानमंडळात वा महाविद्यालयात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत हल्ली एक आकडा हमखास भेटतो. तो म्हणजे पी-मूल्य. ते ०.०५ पेक्षा कमी आले की ‘सिद्ध झाले’ आणि जास्त आले की ‘खोटे ठरले’, असे त्याचे वाचन सर्रास होते. दोन्ही वाचने चुकीची आहेत. ती का चुकतात हे पाहण्यासाठी आम्ही महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडलेला एक प्रयोग निवडला आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांनी जन्मपत्रिका केव्हाच बाजूला ठेवली असल्याने या प्रयोगाचा निकाल आपल्याला हवा तसाच लागला. हव्या त्या निकालाचे वाचन करताना सैल पडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणूनच ही निवड.

२००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. शाळाशाळांतून मुलांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका मांडण्यात आल्या. त्यांपैकी शंभर पत्रिका अभ्यासात हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या होत्या. (त्या वेळी ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता; शिक्षकांनी तरी तो आता सोडावा.) पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देण्यात आले आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील, याची नोंद विद्यापीठात बंद ठेवली गेली. सहभागी झालेल्या प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका गेल्या. पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगायचे, एवढेच काम होते. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, पण उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. त्यांत सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्याची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली.

चोवीस म्हणजे साठ टक्के. परीक्षेत याला प्रथम श्रेणी म्हणतात. मग या ज्योतिषाला काही कळत होते असे म्हणावे काय?

येथे संख्याशास्त्र प्रथम एक गृहीत धरते: या माणसाला पत्रिकेतून काहीच कळत नाही, तो जणू नाणे उडवून उत्तर देतो आहे. याला शून्य गृहीतक म्हणतात. ते खरे आहे असे कोणी ठरवलेले नसते; केवळ हिशोब करण्यासाठी ते क्षणभर मान्य करायचे असते. मग विचारायचे, की चाळीस वेळा नाणे उडवले तर चोवीस किंवा त्याहून अधिक वेळा छाप पडण्याची शक्यता किती? ‘किंवा त्याहून अधिक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याला आश्चर्य वाटेल असे सर्व निकाल मोजायचे असतात, केवळ नेमका चोवीसचा नव्हे. बरोबर चोवीस छापांची शक्यता सुमारे ०.०५७ आहे, पंचविसांची ०.०३७, सव्विसांची ०.०२१. अशा चाळिसापर्यंतच्या सर्व शक्यता मिळवल्या की बेरीज सुमारे ०.१३ येते. हेच पी-मूल्य. नुसते नाणे उडवणारी शंभर माणसे घेतली तर त्यांतील तेराजण या ज्योतिषाइतका किंवा त्याहून चांगला निकाल आणतील, एवढाच त्याचा अर्थ.

यातून लगेच एक घसरण होते. ‘पी ०.१३ आहे, म्हणजे ज्योतिषी अंदाज करीत असण्याची शक्यता तेरा टक्के आणि त्याला विद्या येत असण्याची सत्याऐंशी टक्के’, असे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येते. येथे प्रश्नाची दिशाच उलटली आहे. मुसळधार पाऊस असेल तर बोरिवली लोकल उशिरा येण्याची शक्यता ही एक गोष्ट. लोकल उशिरा आली तर पाऊस पडलेला असण्याची शक्यता ही अगदी दुसरी गोष्ट. लोकल सिग्नल बिघडल्यानेही उशिरा येते, हे अंधेरीच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. पी-मूल्य ‘नाणे आहे’ हे मान्य करूनच काढलेले असते. ‘नाणे आहे की नाही’ याची टक्केवारी त्यातून निघत नाही. ती काढायची तर पत्रिकेतून बुद्धी कळू शकते यावर प्रयोगाआधी किती विश्वास ठेवायचा, हेही हिशोबात घालावे लागेल. तो आकडा प्रयोग देत नाही.

आता एक गोष्ट आपण अद्याप विसरलो आहोत. हा चोवीसवाला ज्योतिषी आपण आधी निवडलेला नव्हता. सत्तावीस जणांतून पहिला आलेला आपण नंतर उचलला. आपल्या वसतिगृहातील सत्तावीस मुलांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवायला सांगितले, तर सरासरीने तीन-चार मुले चोवीस किंवा अधिक छाप आणतील. निदान एक तरी मूल तेथे पोहोचण्याची शक्यता ९८ टक्के आहे. (एक मूल न पोहोचण्याची शक्यता ०.८७, ती सत्तावीस वेळा गुणली की ०.०२ उरते.) म्हणजे सत्तावीस जणांत कोणीच चोवीसला पोहोचले नसते, तर तेच आश्चर्य मानावे लागले असते. प्रत्यक्षात पोहोचला एकच. दुसऱ्या क्रमांकाचे दोघे बावीसवर होते.

समजा, पहिल्या क्रमांकाने सव्वीस उत्तरे बरोबर दिली असती. सव्विसाचे पी-मूल्य ०.०४ येते. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून रूढ झालेल्या ०.०५ च्या रेघेखाली ते गेले असते, आणि दुसऱ्या दिवशी ‘ज्योतिष सिद्ध’ असा मथळा झळकला असता. पण सत्तावीस नाणेबहाद्दरांत कोणीतरी सव्वीस गाठण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते. प्रयोगकर्त्यांनी रेघ अठ्ठाविसावर ओढली होती. एकट्या माणसासाठी तिचे पी-मूल्य सुमारे ०.००८, म्हणजे फारच कडक. तरीही सत्तावीस जणांत कोणीतरी केवळ योगायोगाने ती ओलांडण्याची शक्यता पाचात एक उरतेच. म्हणून पी-मूल्य वाचण्याआधी ‘किती जणांतून हा एक निवडला?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रकल्पवहीत दहा तुलना करून जमलेली एकच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही उरलेल्या नऊही लिहायला लावतो. आकड्यांइतकाच हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

इथपर्यंत वाचक आमच्यासोबत खुशीने आले असतील. पुढचे आपल्याच बाजूला लागू आहे.

सत्तावीस जणांच्या सर्व उत्तरांची बेरीज १०८०. त्यांतील बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाण्याने पन्नास टक्के दिले असते. ‘ज्योतिषी नाण्यापेक्षाही वाईट!’ हे वाक्य टाळ्या घेणारे आहे, आणि हिशोब वरवर त्याला साथही देतो. १०८० वेळा नाणे उडवले तर सुमारे ५४० छाप अपेक्षित असतात आणि सोळा-सतराचा चढउतार नेहमीचा. येथे बरोबर उत्तरे सुमारे ४९७ आहेत, म्हणजे त्रेचाळीसने कमी. दोन्ही बाजूंची विचलने धरून पी-मूल्य सुमारे ०.०१ येते. मग हा निष्कर्ष का काढू नये?

कारण हा हिशोब प्रत्येक उत्तर स्वतंत्र मानतो, आणि ती तशी नाहीत. पत्रिका दोनशेच होत्या. प्रत्येक पत्रिका सरासरीने पाच ज्योतिषांच्या नजरेखालून गेली. पाचहीजण तेच ग्रंथ आणि तेच नियम वापरत असतील, तर एखादी पत्रिका पाचांनाही एकाच दिशेने चुकवील. एका मुलाच्या वहीवरून पाचांनी गणित उतरवले, तर ती पाच चुकलेली गणिते नव्हेत, एकच चूक आहे. टोकाची कल्पना करून सर्वांची उत्तरे अगदी सारखी होती असे मानले, तर खऱ्या अर्थाने स्वतंत्र निरीक्षणे दोनशेच उरतात. मग ४६ टक्के म्हणजे दोनशेपैकी ९२, आणि पी-मूल्य ०.३ च्या जवळ जाते. खरा आकडा ०.०१ आणि ०.३ यांच्या दरम्यान कोठेतरी असणार. ज्योतिषांची उत्तरे आपसांत किती जुळत होती, हे पाहिल्याशिवाय तो ठरत नाही. ‘नाण्यापेक्षा वाईट’ हे विधान म्हणून आपण करू नये.

‘चाचणीत ज्योतिष खोटे सिद्ध झाले’ या वाक्यालाही थोडे थांबवावे लागते. चाळीस पत्रिकांची चाचणी किती बारीक गोष्ट पकडू शकते? समजा, एखाद्या ज्योतिषाला खरोखरच साठ टक्के वेळा बरोबर सांगता येते. तरीही तो अठ्ठाविसाची रेघ ओलांडण्याची शक्यता सुमारे आठात एक. म्हणजे अशा आठ जणांतील सात जणांना ही चाचणी नापास करील. जाळ्याची भोके मोठी असताना लहान मासा सापडला नाही, एवढ्यावरून तळे रिकामे म्हणता येत नाही. उलट, नव्वद टक्के अचूकतेचा दावा असता तर याच जाळ्यात तो अडकल्यावाचून राहिला नसता. तेवढी कुवत असलेल्याची चाळिसांत छत्तीसच्या आसपास उत्तरे बरोबर यायला हवीत, आणि सत्तावीसांतील एकही जण त्याच्या जवळपास नव्हता.

या दृष्टीने प्रयोगातील दुसरा भाग अधिक बोलका आहे. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहून उत्तरे दिली. त्यांतील १०२ बरोबर होती. पी-मूल्य सुमारे ०.४२. पण येथे पी-मूल्यापेक्षा कुवतीची मर्यादा वाचणे उपयोगी. दोनशेपैकी १०२ या निकालाशी ४४ ते ५८ टक्क्यांमधील कोणतीही खरी अचूकता साधारणपणे जुळू शकते. सत्तर टक्के जुळत नाही, साठही जुळत नाही. पंचावन्न मात्र जुळते, आणि ज्याला ज्योतिष म्हणजे निव्वळ नाणे वाटते त्याचे पन्नासही जुळते. ज्यांनी पत्रिका मागवून उत्तरे पाठवलीच नाहीत, त्या चोवीस जणांविषयी तर कोणतेच पी-मूल्य काही सांगत नाही.

मग निकाल लिहायचा कसा? प्रकल्पवहीत आम्ही तो असा लिहायला सांगू: ‘या दोनशे पत्रिकांवर, उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांपैकी कोणाचीही कामगिरी योगायोगाने अपेक्षित असलेल्या मर्यादेपलीकडे गेली नाही. संस्थेची अचूकता साठ टक्के वा अधिक असल्याच्या दाव्याशी तिचा निकाल जुळत नाही.’ वाक्य रुक्ष आहे, त्याला टाळ्या मिळणार नाहीत. पण कोणी उलटतपासणी केली तर त्यातला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही. आणि कोणी ज्योतिषी पुढे येऊन ‘माझी अचूकता पंचावन्न टक्के आहे’ म्हणालाच, तर त्याच्यासमोर चाळीस पत्रिका ठेवून उपयोग नाही. एवढा लहान फरक पाचांपैकी चार वेळा तरी पकडायचा, तर त्या एकट्याला सहाशेहून अधिक पत्रिका द्याव्या लागतील.