चार वाक्यांची शिफारस

माझ्या टीममधली एक टेस्टर नोकरी बदलून गेली. दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला, ‘सर, लिंक्डइनवर माझ्यासाठी चार ओळी लिहाल का?’ ती गुणी होती, त्यामुळे मी मनापासून लिहायला बसलो आणि दहा-पंधरा मिनिटांत सव्वादोनशे शब्द लिहून पाठवले. मेहनती, प्रामाणिक, पटकन शिकणारी, सगळ्यांशी जुळवून घेणारी, कोणत्याही कंपनीला हवीहवीशी वाटेल अशी. तिने आभार मानले आणि मजकूर प्रोफाइलवर लावला.

पुढे आमच्याकडच्या एका मुलानेही तेच मागितले. त्या आठवड्यात रिलीज होते, म्हणून आधीची शिफारस उघडून दोन-तीन वाक्ये तिच्यातूनच उचलली. काही महिन्यांनी त्या टेस्टरचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्या प्रोफाइलवर जाऊन मी दिलेल्या शिफारशी वाचल्या होत्या आणि तिला सरळ विचारले होते, ‘तुमच्या सरांनी दोघांबद्दल सारखंच लिहिलंय. तुम्ही नेमकं काय केलं होतं?’ ती म्हणाली, ‘सर, मला राग नाही आला. पण माझं काम तर तुम्हाला माहीत होतं ना?’

माहीत होते, आणि तरीही मी त्यातले काहीच लिहिले नव्हते. लिंक्डइनवरची शिफारस बंद पाकिटातल्या पत्रासारखी नसते. ती घेणाऱ्याच्या पानावर दिसते तशीच देणाऱ्याच्याही, आणि नोकरीवर घेणारे लोक दोन्ही पाने उघडून बघू शकतात. मजकूर लांब असला तर पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीच्यासाठी आणखी एक क्लिक लागते. माझ्या पहिल्या दोन ओळी ‘अमुक यांची शिफारस करताना मला अत्यंत आनंद होत आहे’ यातच संपल्या होत्या.

मग मी तिची शिफारस नव्याने लिहायला घेतली. दिलेली शिफारस लिहिणाऱ्याला नंतर बदलता येते किंवा काढूनही टाकता येते. आधी तिला दोन गोष्टी विचारल्या: आता कोणत्या प्रकारचे काम शोधते आहेस, आणि आपल्याकडचे कोणते काम लोकांच्या नजरेला यावेसे वाटते? तिला टेस्ट लीडची जागा हवी होती. त्यावरून मला रिग्रेशनची गोष्ट आठवली. प्रत्येक रिलीजआधी सगळ्या जुन्या टेस्ट पुन्हा चालवायला आम्हाला तीन दिवस लागत. कोणता मॉड्यूल बदलला की कोणत्या टेस्ट चालवायच्या, याचा तक्ता तिने स्वतःहून तयार केला आणि ते काम एका दिवसावर आले. नव्या टेस्टर मुलांना तो तक्ता वापरायलाही तिनेच शिकवले.

मूळ मजकूर इंग्रजीत आहे. मराठीत तो साधारण असा: ‘त्यांनी केलेल्या तक्त्यामुळे आमचे रिग्रेशन तीन दिवसांवरून एका दिवसावर आले. मी दोन वर्षे त्यांचा मॅनेजर होतो आणि हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. स्क्रिप्ट सहकाऱ्याने लिहिल्या; काय तपासायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय त्यांचा होता. टेस्टिंगची टीम मी त्यांच्या हाती निर्धास्तपणे देईन.’

तिसऱ्या वाक्याचा पूर्वार्ध मी आधी लिहिला नव्हता. तो नसता तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलाचे श्रेयही तिच्या नावावर गेले असते, आणि तोही हे पान वाचणारच होता. क्लायंटचे नाव आणि प्रॉडक्ट मात्र मुद्दाम वगळले. ती माहिती उघड करण्याचा अधिकार ना तिला होता, ना मला. कच्चा मजकूर तिला आधी मेसेजवर दाखवला. साइटवरून पाठवलेली शिफारसही घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय पानावर येत नाही आणि त्याला बदल सुचवता येतो, पण साहेबांकडून आलेल्या मजकुरात तिथे बदल मागायला माणूस संकोचतो. मेसेजवर तिने लगेच सांगितले की ‘दीड वर्ष’ चुकीचे आहे, दोन वर्षे हवीत. मुलाखतीत तारखा जुळल्या नसत्या तर तीच खोटी ठरली असती.

तेव्हापासून लिहून झाले की एक गोष्ट करून बघतो. शिफारशीतले नाव झाकून टीममधल्या दुसऱ्या कोणाचे घालायचे. वाक्य तरीही खरे वाटले तर ते काढायचे. माझ्या सव्वादोनशे शब्दांतले या कसोटीवर एकही वाक्य टिकले नव्हते.

नंतर शिफारस मागणाऱ्या त्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न अधिक अवघड होता. त्याचे एकही काम मला स्पष्टपणे आठवेना, कारण तो माझ्या हाताखालच्या लीडकडे काम करत होता आणि मी त्याला बहुतेक वेळा मीटिंगमध्येच पाहिले होते. त्याला फोन करून तसे सांगितले: ‘तुझं काम जवळून तुझ्या लीडने पाहिलंय, माझ्यापेक्षा त्यांनी लिहिलेलं तुझ्या उपयोगी पडेल. मी त्यांच्याशी बोलतो.’ तो क्षणभर गप्प झाला, मग ‘चालेल, सर’ म्हणाला. लीडने आठवडाभरात लिहिले. एका शनिवारी रात्री पेमेंट अडकले असताना त्याने लॉगमधून चूक कशी शोधली, हे त्यात होते. मला ते ठाऊकच नव्हते. त्याला पुन्हा एकदा विचारून त्या संध्याकाळी मी माझी शिफारस काढून घेतली.