देखभाल शुल्काची नोटीस : एका मजकुराची दुरुस्ती

वाणिज्य शाखेत आपण ताळेबंद शिकतो, पण हिशेब चार शब्दांत लोकांना कळविण्याची वेळ आली की अडखळतो. उदाहरणादाखल चोवीस सदनिकांच्या एका इमारतीची नोटीस घेऊ. तिच्यावर तारीख आहे २० जून २०२५.

"वाढती महागाई व इतर अपरिहार्य कारणांस्तव देखभाल शुल्कात वाढ करण्याचे ठरले असून ती चालू तिमाहीपासून अंमलात येईल. तरी सभासदांनी फरकासह रक्कम लवकरात लवकर भरून सहकार्य करावे."

भाषा शुद्ध आहे. तरी किती, कशासाठी आणि कधी, यांपैकी एकाचेही उत्तर तीत नाही. खरा घोटाळा 'चालू तिमाही' या शब्दांत आहे. २० जूनला चालू तिमाही म्हणजे एप्रिल ते जून, आणि तिचे पैसे लोकांनी आधीच भरलेले. वाढ दरमहा २५० रुपये धरली तर एका घरावर ७५० रुपयांचा मागील फरक बसतो. सभेचा ठराव मात्र १ जुलैपासूनचा आहे. दोन शब्दांपायी चोवीस घरांकडून १८,००० रुपये ठरावाविना मागितले जातात.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी ठरावाची वही समोर ठेवावी. मग कारणांची फोड करावी : दोन पहारेकऱ्यांची पगारवाढ दरमहा २,४०० रुपये, लिफ्टच्या वार्षिक करारातील वाढ २८,८०० रुपये, म्हणजे दरमहा २,४००, जिना व पाण्याच्या पंपाचे वाढीव वीजबिल १,२००. एकूण ६,०००. त्यास २४ ने भागले की प्रत्येकी २५० येतात. हा भागाकार जुळला नाही, तर नोटीस लावू नये. आता मजकूर असा होईल :

"रविवार, १५ जून २०२५ च्या सभेतील ठरावानुसार देखभाल शुल्क १ जुलै २०२५ पासून दरमहा ८०० ऐवजी १,०५० रुपये राहील. वाढ २५० रुपये : पहारेकरी १००, लिफ्ट १००, सामाईक वीज ५०. जुलै ते सप्टेंबरचे ३,१५० रुपये १० जुलैपर्यंत भरावेत. जूनपर्यंतचा कोणताही फरक द्यावयाचा नाही."

शेवटचे वाक्य गाळू नये. जुनी नोटीस वाचलेल्यांची शंका तेच फेडते. आपल्या बेळगावात अशी नोटीस कन्नडमध्येही लागते. तेव्हा दोन्ही मजकुरांत रकमा व तारखा त्याच क्रमाने याव्यात, म्हणजे शेजाऱ्यास ओळीशी ओळ ताडून पाहता येते.

मात्र लिहिणाऱ्याचा अधिकार ठरावापुरताच. उशिरा भरणाऱ्यास दंड किती, हे वहीत नसेल तर ते नोटिशीत आपल्या मनाने घालू नये, चिटणीसांना विचारावे. सोपी भाषा ठराव स्पष्ट करू शकते, नवा ठराव करू शकत नाही.