हिरवी खूण आणि अनामत रक्कम

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठी भाषांतरं करते. अपवर्कवर परदेशातल्या एका कंपनीचं ३०० डॉलरचं काम मिळालं. ग्राहकाच्या नावापुढे 'Payment verified' अशी खूण होती, म्हणून सगळी साठ पानं करून चॅटमध्ये पाठवून दिली. दहा दिवस झाले, उत्तर नाही. पैसे मिळतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या खुणेचा अर्थ इतकाच, की ग्राहकाने पैसे देण्याचं साधन, बहुधा कार्ड, साइटवर जोडून तपासून घेतलं आहे. तुमच्या कामाचे पैसे बाजूला ठेवले आहेत, असं ती सांगत नाही. ठरलेल्या रकमेच्या कामाचे टप्पे असतात, त्यांना तिथे माइलस्टोन म्हणतात. ग्राहक ज्या टप्प्याचे पैसे भरतो, तेवढेच साइट स्वतःकडे अनामत धरून ठेवते. कराराच्या पानावर त्या टप्प्यापुढे 'Funded' दिसतं.

आता तुमचा करार उघडून पाहा. समजा, ६० डॉलरचा पहिलाच टप्पा भरलेला आहे. मग तिथलं 'Submit' बटण वापरून त्या टप्प्याचं काम आजच रीतसर सादर करा. नुसती चॅटमध्ये फाइल टाकली तर मुदत सुरूच होत नाही, म्हणजे तुमचे हे दहा दिवस मोजणीत आलेलेच नाहीत. सादर केल्यावर ग्राहकाला १४ दिवस मिळतात. त्यात त्याने ना मंजुरी दिली ना दुरुस्ती सांगितली, तर रक्कम आपोआप तुमच्याकडे वळते आणि आणखी ५ दिवसांनी काढता येते. दुरुस्ती मागितली, तर ती करून पुन्हा सादर करावं लागतं आणि मुदत नव्याने धरली जाते.

उरलेल्या २४० डॉलरचं मात्र अवघड आहे. जे अनामत ठेवलेच नाहीत, ते साइट कुठून देणार? पुढचे टप्पे भरायची विनंती ग्राहकाला त्याच चॅटमध्ये करा, म्हणजे नोंद राहील. त्याने भरले नाहीत, तर त्या मेहनतीला संरक्षण नाही, हे सांगताना मलाही वाईट वाटतं. यापुढे टप्पा भरलेला दिसल्याशिवाय त्याचं एक पानही हातात घेऊ नका. अर्ज करण्याआधी ग्राहकाने आजवर किती खर्च केला आहे, कितीजणांना काम दिलं आहे आणि त्यांनी त्याच्याविषयी काय लिहिलं आहे, तेही वाचा. खूण असूनही खर्च शून्य असेल, तर पहिला टप्पा लहानच ठेवायला सांगा.

प्रश्न : अपवर्कवरचा एक ग्राहक म्हणतो, टेलिग्रामवर या, आधी दोन हजार रुपये डिपॉझिट भरा, कामासोबत परत मिळतील. भरू का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : अजिबात भरू नका. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. करार होण्याआधीच साइटबाहेर बोलावण्यामागे तिथली अनामत आणि तक्रारीची सोय टाळण्याचाच बेत असतो. त्या जाहिरातीची साइटवर तक्रार नोंदवा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर कराल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकलेली असते.