गावात नाव आहे, दप्तरात नाही

पेणमधल्या मूर्तींच्या कारखान्यांतून आणि रोह्याशेजारच्या धाटाव एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमधून आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याचा विचार वाढतो आहे. पहिला अर्ज परत आला की ऐकू येते ते एकच: ‘आम्हाला अख्खा तालुका ओळखतो, यांना काय अडचण?’ माझ्या मते अडचण नेमकी तिथेच आहे. कंपनीचे नाव काय नि संचालकाचे नाव काय, तपासणी होते ती मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात. तिथे तालुक्याची ओळख पोचत नाही, अक्षरे तेवढी पोचतात.

समजा, दोन भाऊ आणि थोरल्याची बायको अशा तिघांनी ‘पेण गणेश मूर्ती प्रायव्हेट लिमिटेड’ हे नाव मागितले. पेण हे गाव, गणेश मूर्ती हा माल. मग या तिघांचे असे त्यात काय? नुसत्या गावाचे किंवा नुसत्या मालाचे नाव कोणा एकाला मिळत नाही, आणि दोन्ही जोडल्याने त्यात वेगळेपण येत नाही. मग ते ‘Shree Ganesh Arts Pen’ लिहून पाठवतात. पण ‘Shri Ganesh Arts’ नावाची कंपनी आधीच नोंदलेली असेल तर हेही जाणार. २०१४च्या कंपनी स्थापना नियमांतला नियम ८ सांगतो, की स्पेलिंगचा किरकोळ फरक, एकवचन-अनेकवचन, शब्दांचा उलटापालट क्रम, मागे-पुढे जोडलेला आकडा, यांतले काहीच फरक म्हणून धरायचे नाही. आधीच्या नावाला गावाचे नाव चिकटवणे हाही फरक नव्हे. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘पेणवाले’ लिहिले की काम भागते. इथे ‘पेण’ हा शब्द जवळजवळ वजनशून्य आहे.

यावर कोणी म्हणेल, बाजारात अशीच साधी नावे असलेल्या कंपन्या दिसतात, त्यांना कशी मिळाली? अनेकांची नोंदणी जुन्या नियमांखाली झालेली आहे, आणि दुसऱ्याला मिळाले हा काही तुमचा हक्क होत नाही. उपाय नावाच्या पहिल्या शब्दात आहे. मूर्तीचे डोळे रेखण्याला कारागीर ‘आखणी’ म्हणतात. ‘आखणी मूर्तिकला’ हे नाव धंद्याशी जुळते आणि पहिला शब्द सहसा कोणी घेतलेला नसतो. तरी कंपन्यांच्या यादीबरोबर ट्रेडमार्कची यादीही पाहावीच. तो शब्द त्याच मालासाठी कोणी नोंदवला असेल, नोंदणीचा नुसता अर्ज केला असेल, तरी मालकाच्या लेखी संमतीशिवाय नाव मिळत नाही. नजरचुकीने मिळाले, तर पुढे तक्रार होऊन बदलावे लागते, तोवर खोकी, पावत्या, पाट्या सगळे छापून झालेले असते.

आता थोरल्याच्या बायकोकडे येऊ. संचालक ओळख क्रमांक, म्हणजे ‘डिन’, नव्या कंपनीत तीन जणांपर्यंत SPICe+ अर्जातच मिळतो. अर्ज अडतो तो आपल्या नाव लिहिण्याच्या रीतीवर. माहेरी काढलेल्या पॅनवर वडिलांचे नाव मध्ये आणि माहेरचे आडनाव. लग्नानंतर बदललेल्या आधारवर मध्ये नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. आपल्याला हे अगदी स्वाभाविक वाटते, संगणकाला त्या दोन बाया वाटतात. नाव आणि जन्मतारीख पॅनशी पडताळली जाते. ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात विवाहितेनेही वडिलांचेच लिहायचे असते, आणि नेमके तिथे नवऱ्याचे नाव पडते. ‘बँकेला चालते, यांना का नाही?’ हा आक्षेप मला पटत नाही. डिन जन्मभराचा असतो आणि पुढची प्रत्येक सही त्यावरच टिकते.

धाटावच्या एखाद्या फॅब्रिकेटरची गोष्ट याच्या उलट असते. कधीकाळी मित्राच्या कंपनीत नाव दिलेले, ते विसरलेले; आता तो नवा डिन मागतो. कलम १५५ प्रमाणे एका माणसाला दुसरा डिन घेता येत नाही. जुना केवायसीअभावी बंद पडला असेल तर ५,००० रुपये भरून तोच चालू करावा. मात्र त्या मित्राच्या कंपनीने सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नसतील, तर संचालक म्हणून पाच वर्षांची अपात्रता आलेली असू शकते. ती आधी पाहावी.

म्हणून क्रम उलटा ठेवा. बहुतेक जण आधी नाव राखून ठेवतात. शुल्क १,००० रुपये, दोन नावे सुचवता येतात, दुरुस्तीची संधी एकदाच. मंजूर नाव फक्त २० दिवस राखून ठेवले जाते, आणि जादा पैसे भरले तरी सारे मिळून ६० दिवसांवर जात नाही. पॅन-आधारची दुरुस्ती त्या मुदतीत उरकेल याची खात्री नाही. आधी तिघांची पॅन आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, नावाचा अर्ज त्यानंतर करा.