गांधी, डास आणि सुजलेली जीभ

घर बदलून जुन्या इमारतीत राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या. संध्याकाळी कमरेवर, परकराची नाडी जिथे करकचून बसते तिथे, लालसर फुगवटा यायचा. मग मांड्या, दंड, पाठ. खाज अशी की नखं आवरत नसत. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी चोळलं, त्याने थंडावा वाटला. बाकी सगळ्यांचं मत एकच होतं, ढेकूण. गाद्या उन्हात टाकल्या, पलंगाच्या खाचांत औषध फवारलं, चादरी उकळत्या पाण्यात भिजवल्या. गांधी येतच राहिल्या. दवाखान्यात गेले की अंगावर काहीच नसायचं, कारण रात्रीच्या गांधी सकाळी पुसल्यासारख्या गेलेल्या असत.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ऐकून घेतलं आणि दोन कामं सांगितली. गांध उठली की मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे वेळही कळते. आणि साध्या बॉलपेनने तिच्या कडेवरून गोल काढून शेजारी किती वाजले ते लिहायचं. मग त्याच जागेकडे काही तासांनी पुन्हा बघायचं. माझ्या डाव्या हातावर रात्री नऊला काढलेलं वर्तुळ अकराला अर्धं रिकामं होतं. गांध सरकून वर्तुळाबाहेर गेली होती, तिचा आकार नकाशासारखा वेडावाकडा झाला होता आणि मध्यभाग फिकट पडला होता. सकाळी त्या वर्तुळात नुसती कातडी होती, डागसुद्धा नव्हता. मात्र मांडीवर नवी गांध आली होती. त्याच रात्री घोट्यावर डास चावला होता, त्यालाही गोल काढून ठेवला होता. तो फोड तिसऱ्या दिवशीही वर्तुळातच, टणक, मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका घेऊन बसलेला.

हा फरक का पडतो, तेही बाईंनी समजावलं. कातडीत मास्ट पेशी असतात. त्या चाळवल्या की हिस्टामिन बाहेर पडतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांतून पाणी झिरपून कातडी फुगते. इजा कशालाच झालेली नसते, त्यामुळे काही तासांत ते पाणी शोषलं जातं आणि जागा पूर्ववत होते. एक गांध चोवीस तासांच्या आत जायलाच हवी. पुरळ आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तरी त्यातली प्रत्येक गांध वेगळी असते. हे लक्षात न आल्यामुळे अनेक जण ‘महिनाभर गांध गेली नाही’ असं सांगतात आणि निदान चुकतं. कीटक चावल्यावर मात्र त्याची लाळ कातडीत राहते. तिच्याशी झुंजायला शरीराच्या पेशी तिथे गोळा होतात आणि ते काम आटपायला दिवस लागतात. म्हणून चावा जागचा हलत नाही. तो बहुधा उघड्या अंगावर, दोन-चार फोडांच्या घोळक्यात किंवा रांगेत दिसतो, आणि घरातल्या इतरांनाही चावे असतात. आमच्या घरात एकट्या मला त्रास होता, याचा अर्थ तेव्हा कुणी लावला नव्हता.

वर्तुळाच्या परीक्षेत आणखी एक उत्तर येऊ शकतं. गांध आहे, पण चोवीस तास उलटले तरी ती तिथेच आहे, खाजेपेक्षा आग किंवा दुखणं जास्त आहे आणि जाताना निळसर-तपकिरी डाग ठेवून जाते. असं असेल तर रक्तवाहिन्यांचाच दाह असू शकतो. मग त्वचेचा बारीक तुकडा तपासावा लागतो.

माझं निदान झालं जुनाट गांधींचं. सहा आठवड्यांवर चालल्या की त्यांना जुनाट म्हणतात. अशा गांधींमागे बहुतेक वेळा खाण्यातला एखादा पदार्थ नसतो, त्यामुळे वांगं, शेंगदाणे, अंडी असं एकेक ताटातून काढत जाण्यात फारसा अर्थ नसतो. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी रोज, नियमाने घ्यायची. खाज सुटल्यावर शोधायची नाही. भागलं नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात. एक इशारा बाईंनी कागदावर लिहून दिला होता: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी गांधी भडकू शकतात.

तो कागद फायलीत होता आणि मी दाढदुखीने बेजार होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीच्या पट्टीवर ठळक अक्षरात कंपनीचं नाव होतं, आत आयबुप्रोफेन आहे हे खाली बारीक छापलेलं. गोळी घेतली. तासाभराच्या आत तळहात खाजू लागले, मानेवर गांधी आल्या आणि वरचा ओठ जड झाला. ओठ याआधीही एकदा सुजला होता आणि दोन दिवसांत उतरला होता, त्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही. ओठ आणि पापण्या इथली कातडी खालून सैल असते. तिथे पाणी खोलवर साचतं, म्हणून ती सूज उतरायला दोन-तीन दिवसही लागतात. नुसता ओठ सुजला आहे, श्वास नेहमीसारखा आहे, आवाज बदललेला नाही, थुंकी सहज गिळता येते, चक्कर नाही, अशा वेळी ॲलर्जीची गोळी घेऊन, डॉक्टरांना फोन करून, कुणाच्या तरी नजरेसमोर काही तास बसणं ठीक असतं. एकट्याने खोलीत जाऊन झोपायचं नाही.

पण या वेळी थोड्याच वेळात जीभ तोंडात मावेनाशी वाटू लागली. बोललेले शब्द जाड निघू लागले, थुंकी गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. यजमान ॲलर्जीची गोळी शोधत होते. शेजारच्या ताई निवृत्त परिचारिका. त्या आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वहिनी, बोलू नका. भावोजी, गोळी राहू दे, १०८ ला फोन लावा. जीभ सुजलीय म्हणावं, श्वास अडकतोय म्हणावं.” त्यांनी मला पलंगावर पाठीला उशा लावून, पाय लांब करून बसवलं आणि जिन्यावरून एक पायरीही चालू दिली नाही. खाली नेलं ते खुर्चीत बसवून.

हे चालू न देणं नुसतं सावधगिरीपोटी नव्हतं. अशा झटक्यात रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब कोसळतो. त्या क्षणी माणूस ताडकन उभा राहिला, तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं आणि तो जागच्या जागी दगावू शकतो. म्हणून चक्कर असेल तर आडवं झोपवून पाय उंच करायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण पाय लांबच ठेवायचे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवायचं. तोंडात पाणी, साखर, औषध काहीही घालायचं नाही.

रुग्णालयात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे नेहमीच्या कुपीतलं अर्धा मिलिलिटर औषध, मुलांना वजनानुसार कमी. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर पुन्हा देतात. माझा आवाज थोड्या वेळात मोकळा होऊ लागला. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, तीही अर्ध्या-एक तासाने. आवळलेला श्वासमार्ग ती उघडत नाही, की पडलेला रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला तर काही तास लागतात. म्हणून पहिलं औषध ॲड्रेनलिनच, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. बरं वाटल्यावरही मला रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही जणांना काही तासांनी तोच झटका पुन्हा येतो.

जीभ सुजणं, आवाज घोगरा किंवा जाड होणं, लाळ गळणं, श्वासाला घरघर, धाप, चक्कर, यांतलं एकही लक्षण दिसलं तर वाट पाहण्यात वेळ घालवू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी, गांधीलमाशी डसल्यावर गांधींबरोबर पोटात जोराच्या कळा आणि वारंवार उलट्या सुरू झाल्या, तर तेही त्याच पंक्तीत बसतं, मग ओठ-जीभ ठीक असली तरी. माशी हातावर डसून हात कोपरापर्यंत सुजला तर घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. तीच माशी सरबताच्या पेल्यातून तोंडात जाऊन जिभेला डसली, तर ॲलर्जी नसतानाही ती सूज श्वास अडवू शकते.

रुग्णालयात डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच विचारलं होतं, “रक्तदाबाची गोळी चालू आहे का? कोणती?” त्याचं कारण पुढे आमच्या ओळखीतल्या एका काकांमुळे नीट कळलं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी सर्रास देतात आणि बहुतेकांना त्या मानवतात. थोड्या जणांत मात्र त्यांच्यामुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साचतं आणि ओठ, जीभ, घसा सुजतो. काका वर्षानुवर्षं ती गोळी घेत होते. एका पहाटे जीभ एका बाजूने सुजली. ना गांध, ना खाज. ‘इतकी वर्षं चालतेय, गोळीचं काय असणार’ म्हणून त्यांनी त्या सकाळीही ती घेतली. ही सूज हिस्टामिनची नसल्यामुळे ॲलर्जीची औषधं तिच्यावर फारशी चालत नाहीत आणि ॲड्रेनलिनचाही भरवसा नसतो. श्वासमार्ग सांभाळू शकेल असं मोठं रुग्णालयच लागतं. काकांची सूज दुसऱ्या दिवशी उतरली, गोळी कायमची बंद झाली आणि दुसऱ्या गटातली सुरू झाली. ज्यांना असा काही त्रास नाही त्यांनी ही गोळी आपल्या मनाने सोडू नये. पण खाजेशिवाय ओठ किंवा जीभ सुजली, तर पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावं आणि गोळीची पट्टी सोबत न्यावी.

माझ्या पाकिटात आता एक कार्ड असतं. त्यावर टाळायच्या वेदनाशामकांची नावं आहेत आणि दुखल्यावर कोणती गोळी किती घ्यायची, ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. दंतवैद्याकडे, औषधाच्या दुकानात, सगळीकडे ते आधी दाखवते. तुमच्या घरात कुणाच्या गांधी ओठांपर्यंत येत असतील, तर असं कार्ड करून घ्या. आणि रात्री बारा वाजता ॲड्रेनलिन देऊ शकेल असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे या आठवड्यातच चौकशी करून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.