फुकटच्या कढईला काय उत्तर द्यायचं?

तुझा निरोप वाचला. कंपनी अडीच हजारांची ट्रायप्लाय कढई पाठवतेय, बदल्यात एक मिनिटाचं रील आणि तीन स्टोऱ्या हव्यात, पैसे मात्र नाहीत. काय कळवू, असं विचारलंयस. लगेच होही म्हणू नकोस आणि रागाने नाहीही म्हणू नकोस. माझी हयात जाहिरातींच्या कामात गेली, म्हणून हक्काने सांगते. पहिल्या उत्तरात फक्त प्रश्न विचारायचे असतात.

असा मेल लिहिणारा माणूस बहुधा कंपनीचा नसतोच, तो एजन्सीतला असतो. त्याच्याकडे तुझ्यासारख्या अनेकांची यादी असते आणि ‘बार्टर’वर इतके जण मिळवायचे, असं ठरवून दिलेलं असतं. मेलमध्ये तुझ्या एकाही व्हिडिओचा उल्लेख नसेल, तर तोच मेल यादीतल्या सगळ्यांना गेलाय असं खुशाल समज. त्यामुळे तू दर सांगितलास म्हणून कुणी दुखावत नाही. त्याला रोज कुणी ना कुणी दर सांगतच असतं.

आता प्रश्न. रील कधीपर्यंत हवं? दुरुस्त्या किती वेळा सांगणार? दुसऱ्या कंपनीची भांडी दाखवायला बंदी आहे का, आणि किती दिवस? वस्तू माझीच राहणार ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझा व्हिडिओ तुम्ही तुमच्या जाहिरातीत वापरणार का?

या शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांब, कारण खरी देवघेव तिथे असते. तू तुझ्या पानावर रील टाकणं ही एक गोष्ट. तेच रील कंपनीने पैसे लावून हजारो अनोळखी लोकांना दाखवणं, आपल्या वेबसाइटवर चढवणं, ही पूर्ण वेगळी गोष्ट. अशी जाहिरात त्यांनी स्वतः केली असती तर स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं लागलं असतं, कॅमेरामन आणि रांधणारी बाई आणावी लागली असती. ते सगळं त्यांना एका कढईत हवं असतं. मेलच्या शेवटी ‘यूसेज राइट्स’ असे दोन शब्द हळूच येतात. त्यापुढे ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘सर्व माध्यमांत’ असं काही असेल, तर त्या ओळीवर सही करू नकोस. इन्स्टाग्रामवर तुझ्या नावाने पार्टनरशिप ॲड चालवायला त्यांना तुझी परवानगी किंवा तुझा कोड लागतो. व्यवहार लेखी ठरल्याशिवाय तो कोड कुणालाही द्यायचा नाही.

आता हिशेब मांड. कढईच्या खोक्यावर 2,499 छापलंय, पण ती बाजारात 1,700 ला मिळते, म्हणून 1,700 धर. तुझ्या घरी चांगली कढई आधीच आहे, तर तुझ्या लेखी तिची किंमत त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूला तुझी मेहनत. बाजार, मांडामांड, जवळून टिपायला तोच पदार्थ दोनदा करणं, चित्रीकरण, रात्री एडिटिंग आणि एक दुरुस्ती, असे नऊ तास सहज जातात. ताशी 250 रुपये धरले तर 2,250, आणि सामानाचे 350. म्हणजे रीलचे 2,600 झाले. जाहिरातीत वापरायचं तर महिन्याला रीलच्या दराचा साधारण तिसरा हिस्सा मी वेगळा लावते, म्हणजे तीन महिन्यांचे सुमारे 2,600 आणखी. स्टोऱ्या अजून धरल्याच नाहीत. एवढं कागदावर उतरलं की फुकट कोण कुणाला देतंय ते आपोआप दिसतं.

त्यांची उत्तरं आली की असं लिही:

‘नमस्कार. कढई आवडली, माझ्या प्रेक्षकांना उपयोगी पडेल असं वाटतं. एका मिनिटाच्या रीलचा माझा दर 2,600 रुपये आहे, त्यात एक दुरुस्ती धरली आहे. कढई चित्रीकरणासाठी लागेल, ती मानधनात धरलेली नाही. व्हिडिओ जाहिरातीत वापरायचा असल्यास तीन महिन्यांचे 2,600 रुपये वेगळे होतील. निम्मी रक्कम आधी, उरलेली रील टाकल्यापासून सात दिवसांत. मत माझं स्वतःचं असेल आणि वस्तू कंपनीकडून मिळाल्याचं मी व्हिडिओत सांगेन.’

माफी नको, आणि ‘मी अजून छोटी आहे’ हे तर मुळीच नको. भीड भिकेची बहीण.

यावर बहुतेक वेळा ‘सध्या बजेट नाही’ असं येतं. तेव्हा दर उतरवायचा नाही, काम उतरवायचं. ‘मग कढईच्या बदल्यात एक स्टोरी करते, चोवीस तासांची. जाहिरातीत वापर नाही, इतर कंपन्यांवर बंदी नाही,’ एवढं लिही. स्टोरीला अर्धा तास लागतो, कढई पदरात पडते, व्यवहार बरोबरीचा होतो. पूर्ण रील 1,700 च्या वस्तूवर दिलंस, तर पुढच्या वेळी तीच एजन्सी तोच भाव धरून येते. विक्रीवर कमिशनचं आमिष दाखवलं तर ते मानधनाच्या जोडीला घे, मानधनाऐवजी नको. कोडवरून किती माल विकला गेला याचा हिशेब त्यांच्याच हातात असतो.

साताऱ्याची एखादी ताई घरी मेतकूट करून विकते आणि मनापासून एक पाकीट पाठवते, तिला मात्र हे दरपत्रक दाखवू नकोस. तिने काही मागितलेलं नसतं. आवडलं तर दाखव, नाही तर खाऊन टाक.

‘कुरिअरचे पैसे तुम्ही भरा’ किंवा ‘आधी विकत घ्या, पाच तारे द्या, मग पैसे परत करू’ असं म्हणणाऱ्यांना उत्तरही द्यायचं नाही. पहिला बहुधा फसवतो आणि दुसरा तुझ्याकडून खोटा अभिप्राय लिहून घेतो.

पैसे मिळाले नाहीत म्हणून ती जाहिरात नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेच्या 2021 च्या नियमांत आणि ग्राहक मंत्रालयाच्या 2023 च्या मार्गदर्शनात फुकट वस्तूही धरली आहे. एक मिनिटाच्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ ही पाटी किमान एक तृतीयांश वेळ, म्हणजे वीस सेकंद, दिसली पाहिजे. ती हॅशटॅगच्या ढिगात पुरायची नाही. ‘हे लिहू नका, रीच कमी होतो’ असं सांगणारी कंपनी सोडून दे. तुझे व्हिडिओ पाहणाऱ्या बायका तुझ्या शब्दावर भांडी घेतात.

आणखी एक, मोठ्या वस्तूंबद्दल. जुलै 2022 पासून, एकाच कंपनीकडून वर्षभरात मिळालेल्या वस्तूंची किंमत 20,000 च्या वर गेली तर त्यावर दहा टक्के टीडीएस लागतो. तीस हजारांचा फोन आला आणि तो ठेवून घेतलास, तर ते तुझं उत्पन्न. व्हिडिओ करून परत पाठवलास, तर नाही. परत पाठवल्याची पावती जपून ठेव.

आज रात्री त्यांना पाचही प्रश्न पाठव. स्टोरीवर मानले तर कढई घे. रीलही फुकट आणि जाहिरातीचे हक्कही फुकट मागत राहिले, तर आभार मानून विषय संपव.