मराठी १ म्हणजे इंग्रजी 9 नव्हे

ताईंनो, गटाचं रजिस्टर आपण मराठी आकड्यांत लिहितो, सातबाराही मराठी आकड्यांत येतो. पण फॉर्म आणि कॉम्प्युटरचा तक्ता इंग्रजी आकडे मागतो. आकडे बदलताना चूक कुठं होते, ते या वेळी पाहू.

ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
0 1 2 3 4 5 6 7 8 9

०, २ आणि ३ सारखेच दिसतात, तिथं अडत नाही. फसवतात ते तीन: मराठी १ हा 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा आणि ७ हा घाईत 6 वाटतो.

समजा, अकोट तालुक्यातल्या एका ताईच्या सातबारावर क्षेत्र १.४७.०० आहे. म्हणजे १ हेक्टर ४७ आर. फॉर्ममध्ये हेक्टर विचारलं तर 1.47 लिहायचं. नुसत्या दिसण्यावर गेलं तर 9.86 पडतं! हे कसं ओळखायचं? एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. 1.47 हेक्टर म्हणजे साडेतीन एकरांच्या थोडं वर, आणि 9.86 म्हणजे चोवीस एकर. ताईला विचारा, "वावर किती एकर आहे बाई?" उत्तर लगेच मिळते. म्हणून आकडा आधी मोठ्यानं वाचा, मग टाईप करा.

दुसरी चूक तक्त्यात होते. चार जणींची बचत १००, २००, १०० आणि १५०, म्हणजे रजिस्टरची बेरीज ५५०. तक्त्यात B2 ते B5 मध्ये भरली, पण एक १०० मराठी कीबोर्डनं टाईप झाली. बऱ्याचदा तक्ता तिला आकडा न मानता अक्षरं समजतो आणि बेरजेत घेत नाही. मग 450 दिसतात. खूण अशी की आकडे सेलमध्ये उजवीकडे सरकतात, अक्षरं डावीकडे राहतात. खात्रीसाठी हे लिहा:

```
=SUM(B2:B5)
=COUNT(B2:B5)
```

COUNT फक्त आकडे मोजतो. जणी चार आणि उत्तर 3 आलं, तर एक नोंद बाहेर राहिली.

एक-दोन नोंदी असतील तर कीबोर्ड इंग्रजी करून पुन्हा टाईप करा. जास्त असतील तर तो कॉलम निवडा, त्याचा फॉरमॅट Number करा आणि Ctrl+H दाबा. वरच्या चौकटीत १, खालच्या चौकटीत 1 लिहून Replace all करा. असं ० ते ९ दहा वेळा करायचं. मधेच थांबलात तर अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी राहतात आणि बेरीज पुन्हा चुकते.

शेवटी तक्त्याची बेरीज रजिस्टरच्या बेरजेशी जुळवा. जुळली की मगच ग्रामसंघाकडं पाठवा.